मॅचमध्ये किती कॅलरी जळल्या? रिकामा वेळ वजा करायचा, पण कुठला?

तीन तास क्रिकेट खेळून आलेला माणूस फोनवरच्या ॲपमध्ये ‘क्रिकेट, २०० मिनिटं’ असं भरतो आणि ॲप त्याला अकराशेच्या वर कॅलरी दाखवतं. त्या २०० मिनिटांतला तासभर तो पॅड बांधून बाउंड्रीबाहेर बसला होता, हे ॲपला माहीत नसतं. उलट बाजूचीही एक चूक होते. बॅडमिंटन खेळणारा हिशेबी माणूस म्हणतो, ‘शटल हवेत असतं ते फक्त एक तृतीयांश वेळ, मग तेवढाच वेळ धरू.’ त्याचा आकडा खऱ्याच्या निम्म्याहूनही खाली जातो. दोघांनीही रिकाम्या वेळाचा प्रश्न चुकीच्या जागी सोडवला आहे.

हिशेबाचं मूळ सूत्र सोपं आहे:

```
कॅलरी = मेट × वजन (किलो) × वेळ (तास)
```

मेट म्हणजे पूर्ण विश्रांतीत असताना शरीर जेवढी ऊर्जा वापरतं त्याच्या किती पट. ती विश्रांती एक मेट धरली, तर चार मेटचं काम म्हणजे त्याच्या चौपट खर्च. एक मेट म्हणजे दर किलो वजनामागे मिनिटाला ३.५ मिलिलिटर ऑक्सिजन, अशी व्याख्या ठरलेली आहे. एक लिटर ऑक्सिजनमागे साधारण ५ कॅलरी पडतात, त्यामुळे एक मेट म्हणजे किलोमागे तासाला जवळपास एक कॅलरी. नेमका गुणाकार केला तर १.०५ येतो. काही ॲप १ धरतात, काही १.०५, म्हणून एकाच खेळाचे दोन ॲपमधले आकडे पाच टक्क्यांनी वेगळे दिसतात. त्याचं टेन्शन घेऊ नका, पुढे येणाऱ्या चुका याच्या कितीतरी पट मोठ्या आहेत. आणि हो, इथे कॅलरी म्हणजे पाकिटावर छापलेली, आहारातली कॅलरी, म्हणजे शास्त्राच्या भाषेतली किलोकॅलरी.

मेटचे आकडे येतात ते ‘कंपेंडियम ऑफ फिजिकल ॲक्टिव्हिटीज’ नावाच्या यादीतून. ती पहिल्यांदा १९९३ मध्ये आली, मग २०००, २०११ आणि २०२४ मध्ये सुधारली गेली. या लेखातले आकडे २०११ च्या यादीतले आहेत, कारण बरीच ॲप आणि संकेतस्थळं अजून तीच वापरताना दिसतात. त्यात क्रिकेटला ४.८, मित्रामित्रांत खेळलेल्या बॅडमिंटनला ५.५ आणि स्पर्धेतल्या बॅडमिंटनला ७.० मेट आहेत. कबड्डीची ओळच त्या यादीत नाही. त्याकडे नंतर येऊ.

यादीतला आकडा नक्की कशाचा आहे

सगळा घोळ इथे आहे. ‘धावणे, ताशी ८ किलोमीटर: ८.३ मेट’ ही ओळ वाचली की अर्थ स्पष्ट असतो: ज्या मिनिटांत तुम्ही त्या वेगाने धावत होता, तेवढ्याच मिनिटांना ती लागू. पण ‘बॅडमिंटन, स्पर्धात्मक: ७.० मेट’ ही ओळ तशी नाही. ती एखाद्या हालचालीची नाही, अख्ख्या खेळाची सरासरी आहे. खेळात रॅली असते, रॅली संपली की शटल उचलणं, सर्व्हिसच्या जागी जाणं, घाम पुसणं असतं. ही सगळी खिचडी त्या सातमध्ये आधीच शिजलेली आहे.

म्हणून शटल हवेत असण्याचाच वेळ धरून त्याला सातने गुणलं, तर विश्रांती दोनदा वजा होते. एकदा यादी करणाऱ्यांनी सरासरीत वजा केलेली असते, दुसऱ्यांदा तुम्ही घड्याळातून वजा करता.

६५ किलोच्या खेळाडूचा ४५ मिनिटांचा एकेरीचा सामना घ्या. पूर्ण वेळ धरला तर ७ × ६५ × ०.७५, म्हणजे साधारण ३४० कॅलरी. शटल हवेत असलेली १५ मिनिटंच धरली तर ७ × ६५ × ०.२५, म्हणजे ११४. उरलेल्या ३० मिनिटांना कोणी उदारपणे ‘नुसतं उभं राहणं’ म्हणून १.३ मेट दिले, तरी बेरीज १५६ च्या वर जात नाही. ही निम्म्याहून जास्त तफावत फक्त मोजण्याच्या पद्धतीतून आली.

यामागे शरीराचंही एक कारण आहे. दहा सेकंदांची जोरदार रॅली संपली म्हणजे खर्च संपला असं होत नाही. रॅलीत स्नायूंनी आपला तातडीचा साठा वापरलेला असतो आणि तो परत भरण्यासाठी पुढचा काही वेळ ऑक्सिजन जास्तच लागतो. धाप लागते ती यामुळेच. छोट्या, जोरकस हालचालीनंतर हा वाढलेला वापर दर अर्ध्या मिनिटाला साधारण निम्म्यावर येत जातो. म्हणजे दीड मिनिटात तो आठव्या भागावर आणि तीन मिनिटांत जवळजवळ उभ्या माणसाच्या पातळीवर. बॅडमिंटनमध्ये दोन रॅलींमधला वेळ पंधरा-वीस-पंचवीस सेकंदांचा. तेवढ्यात शरीर खाली उतरतच नाही, पुढची रॅली सुरू होते. बाहेरून तो वेळ रिकामा दिसतो, आत मात्र बिल चालूच असतं.

यातूनच एक वापरण्याजोगा नियम निघतो. तीन मिनिटांपेक्षा छोटी थांबण्याची वेळ खेळातच धरा. तीन मिनिटं किंवा त्याहून जास्त वेळ तुम्ही बसला असाल, नुसते उभे राहून गप्पा मारत असाल, तर तेवढा तुकडा वेगळा काढा आणि त्याला १.३ मेट द्या. यादीत शांत बसणं आणि शांत उभं राहणं दोन्हीला १.३ च आहे, त्यामुळे बसलो होतो की उभे होतो याची नोंद ठेवायची गरज नाही. तीन मिनिटं ही काही दगडावरची रेघ नव्हे. दोन धरली काय, चार धरली काय, एकूण आकड्यात फारसा फरक पडत नाही. पण तीस सेकंद धरलीत तर हिशेब कोसळतो.

या नियमाने २१ गुणांच्या गेममध्ये ११ गुणांवर मिळणारा एक मिनिटाचा आणि दोन गेममधला दोन मिनिटांचा मध्यांतर खेळातच राहतो. दुहेरी खेळणाऱ्या मंडळींचं मात्र वेगळं असतं. कोर्ट एक तास घेतलंय आणि खेळाडू सहा आहेत, तर प्रत्येकाच्या वाट्याला कोर्टवरची ४० मिनिटं येतात. उरलेली २० मिनिटं बाकावर, एका वेळी एक अख्खा गेम. हा खरा रिकामा वेळ. ६५ किलोच्या माणसाला ५.५ मेटने ४० मिनिटांचे २३८ आणि बाकावरचे २८, असे मिळून २६६. त्याच माणसाने ॲपमध्ये ‘बॅडमिंटन, एक तास’ भरलं आणि ॲपने स्पर्धेचा सातचा आकडा उचलला, तर ४५५ दिसतील. इथे दोन चुका एकमेकींच्या खांद्यावर बसल्या आहेत: वेळ जास्त आणि मेटही जास्त. स्पर्धेचा आकडा स्पर्धेसाठीच ठेवा. गुण मोजत खेळलो म्हणजे स्पर्धा झाली असं नाही.

क्रिकेट: एका सामन्याचा पूर्ण हिशेब

क्रिकेटमध्ये रिकाम्या वेळाचा प्रश्न सर्वांत अवघड आहे, कारण तिथे तो दोन थरांत असतो. एक थर मोठ्या तुकड्यांचा: बॅटिंगची वाट पाहणं, दोन डावांमधली सुट्टी, पाणी पिण्याचा ब्रेक. दुसरा थर दोन चेंडूंमधल्या अर्ध्या मिनिटाचा. पहिला थर घड्याळ बघून काढता येतो. दुसरा कसा धरायचा हे तुम्ही मैदानावर काय करत होता त्यावर ठरतं.

७० किलोचा, पाचव्या क्रमांकावर बॅटिंग करणारा खेळाडू घेऊ. २० षटकांचा सामना. त्याच्या संघाची आधी फिल्डिंग, तिला ९५ मिनिटं लागली, त्यात ३ मिनिटांचा पाण्याचा ब्रेक. मग २० मिनिटांची सुट्टी. मग ८५ मिनिटांचा बॅटिंगचा डाव. त्यात हा ४० व्या मिनिटाला आत गेला आणि ६५ व्या मिनिटाला बाद झाला, म्हणजे क्रीजवर २५ मिनिटं आणि बाहेर ६०. या वेळा आठवून लिहू नका. आठवणीत बॅटिंग नेहमी लांबते आणि वाट पाहणं आखडतं. स्कोअररकडे बॅट्समन आत गेल्याची आणि बाद झाल्याची वेळ लिहिण्याची पद्धत असेल तर तिथून घ्या, नाहीतर आत जाताना कोणाला तरी वेळ बघून ठेवायला सांगा.

एकूण २०० मिनिटं. सरसकट ४.८ मेट लावले तर १,१२० कॅलरी. हा ॲपचा आकडा.

आता मोठे तुकडे काढू. फिल्डिंगची ९२ आणि बॅटिंगची २५, अशी खेळाची ११७ मिनिटं. ४.८ × ७० × १.९५ म्हणजे ६५५. बसण्याची ३ + २० + ६०, म्हणजे ८३ मिनिटं, १.३ मेटने १२६. बेरीज ७८१. नुसत्या तुकड्यांच्या हिशेबाने ३३९ कॅलरी गळून पडल्या.

पण इथे थांबू नये, कारण क्रिकेटच्या ४.८ मध्ये बॅटिंग, बोलिंग आणि फिल्डिंग हे सगळं एकाच ओळीत कोंबलेलं आहे. स्लिपमध्ये उभा असलेला माणूस आणि कव्हरमध्ये पळणारा माणूस यांना यादी एकच भाव देते. विकेटकीपर प्रत्येक चेंडूला बसतो-उठतो, त्यालाही तोच. म्हणून फिल्डिंगचा आकडा एकदा खालून बांधून पाहावा.

एक षटक चार मिनिटांचं, म्हणजे २४० सेकंद धरा. तीस यार्डांच्या आतला फिल्डर प्रत्येक चेंडूला चार-पाच पावलं आत चालत येतो, परत जागेवर जातो, षटक संपलं की बाजू बदलतो. हे सगळं चालणं मिळून ९६ सेकंद म्हणू. नुसतं उभं राहणं १२० सेकंद. चेंडूमागे धावणं, थ्रोला बॅकअप देणं मिळून २४ सेकंद. सावकाश चालण्याला ३.०, उभं राहण्याला १.३ आणि धावण्याला ८.३ मेट लावा. २८८ + १५६ + १९९, म्हणजे ६४३. याला २४० ने भागलं की २.७ मेट येतात.

४.८ आणि २.७ मधला फरक लहान नाही. ९२ मिनिटांच्या फिल्डिंगला ४.८ ने ५१५ कॅलरी, २.७ ने २९०. सगळा सामना या दुसऱ्या पद्धतीने धरला तर फिल्डिंगचे २९०, बॅटिंगचे १४० आणि बसण्याचे १२६, मिळून ५५६.

मग खरं काय? खालून बांधलेला आकडा थोडा कमीच असतो. ८.३ हा आकडा एका लयीत धावण्याचा आहे. फिल्डर मात्र जागेवरून झेप घेतो, अचानक थांबतो, वळतो, वाकून चेंडू उचलतो आणि जोर लावून फेकतो. यातल्या प्रत्येक गोष्टीला सरळ धावण्यापेक्षा जास्त खर्च येतो आणि त्यानंतरची धाप आपण धरलेलीच नाही. म्हणून रिंगमधल्या चपळ फिल्डरला ३ ते ३.५ मेट द्यावेत असं आमचं मत आहे. स्लिप किंवा फाइन लेगला शांत उभ्या असलेल्याला अडीचच्या आसपास. ४.८ फिल्डिंगला लावायचे असतील तर दिवसभर चेंडू तुमच्याकडेच येत असला पाहिजे.

यातून दिसेल की सेकंद मोजायची पद्धत चुकीची नाही. बॅडमिंटनमध्ये आपण तिच्यावर टीका केली ती वेगळ्या कारणाने. सेकंद मोजायचे असतील तर मेटही त्या हालचालीचे घ्या: चालण्याचे, उभं राहण्याचे, धावण्याचे. अख्ख्या खेळाचा मेट घ्यायचा असेल तर वेळही अख्ख्या खेळाची घ्या, मोठे तुकडे वगळून. बिघडतं ते एकीकडचा मेट आणि दुसरीकडचा वेळ घेतल्यावर.

बॅटिंगची पडताळणी आणखी सोपी आहे. दोन पॉपिंग क्रीजमधलं अंतर १७.६८ मीटर. तुम्ही क्रीजवर असताना दोघांनी मिळून पळून काढलेल्या धावा मोजा, कारण जोडीदाराच्या फटक्यावरही तुम्ही पळताच. बाय आणि लेगबाय पण धरा. पळून काढलेल्या ३० धावा म्हणजे ५३० मीटर. धावण्याला किलोमीटरमागे दर किलो वजनाला साधारण एक कॅलरी पडते, तेव्हा ७० किलोच्या माणसाला हे ३७ कॅलरींचं पळणं झालं. वळण्याचे, पॅड-हेल्मेटच्या वजनाचे आणि नॉनस्ट्रायकरला प्रत्येक चेंडूला दोन पावलं पुढे येण्याचे वरून. बाकी वेळ उभं राहणं आणि फटके. म्हणजे आपण धरलेले १४० कॅलरी वरच्या अंगालाच आहेत. चौकार-षटकारांनी केलेली फिफ्टी स्कोअरबुकात झळकते, पण कॅलरीच्या हिशेबात एक-दोन पळून काढलेल्या तीस धावा तिच्यावर भारी पडतात.

बोलरला किती जास्त द्यायचं, हाही नेहमीचा प्रश्न. फास्ट बोलरची चार षटकं म्हणजे २४ रनअप. प्रत्येकाला चार सेकंद धरले तरी खरं धावणं दीड मिनिटाच्या आसपास, पण मधला वेळ अर्ध्या मिनिटाचा, त्यामुळे शरीर खाली येत नाही. बोलिंगच्या १६ मिनिटांना जॉगिंगचे ७ मेट दिले, तर साध्या फिल्डिंगपेक्षा ७० किलोच्या माणसाचे साधारण ८० कॅलरी वाढतात. बोलिंगने अंग मोडून येतं म्हणून हा आकडा तीनशे-चारशे असेल असं वाटतं. पण अंग दुखतं ते पुढच्या पायावर आदळणाऱ्या भारामुळे, आणि दुखण्याचं प्रमाण कॅलरीत मोजता येत नाही.

थोडक्यात आपल्या खेळाडूला ५५० ते ८०० च्या मधला आकडा मिळाला. रिंगमधल्या फिल्डिंगला ३.३ मेट धरले तर फिल्डिंगचे ३५४, बॅटिंगचे १४० आणि बसण्याचे १२६, एकूण ६२०. डायरीत ‘सहाशेच्या आसपास’ लिहावं. ६२० लिहिण्याइतकी अचूकता या पद्धतीत नाही.

कबड्डी: यादीत नसलेला खेळ

कबड्डीसाठी ॲपमध्ये शोधलं की बरेचदा जवळचं म्हणून ‘मार्शल आर्ट्स’ निवडलं जातं. त्याला १०.३ मेट आहेत. तो ज्युदो, कराटे, किकबॉक्सिंग यांचा आकडा आहे आणि कबड्डीला तो फार मोठा पडतो. शेजारच्या ओळी पाहिल्या तर कुस्तीला ६.० आणि स्पर्धात्मक रग्बी युनियनला ८.३ आहेत. कबड्डीत झटापट आहे पण ती काही सेकंदांची. बचाव करणारे सात जण बहुतेक वेळ गुडघ्यात वाकून, एकमेकांचे हात धरून सरकत असतात. चढाई जास्तीत जास्त ३० सेकंदांची, आणि तुमची चढाई संपली की समोरच्याची सुरू होते, तेव्हा तुम्ही बचावात. श्वास खाली येण्याइतकी उसंत मॅटवर मिळत नाही. म्हणून मॅटवरच्या वेळेला ६ ते ८.३ ही पट्टी धरणं योग्य. बचावपटू ६ च्या बाजूला, दर दुसऱ्या-तिसऱ्या चढाईला जाणारा चढाईपटू ८ च्या बाजूला.

कबड्डीतला खरा रिकामा वेळ म्हणजे बाद होऊन बाहेर बसणं. आणि हा वेळ खेळाडूगणिक इतका बदलतो की सगळ्या संघाला एकच आकडा देता येत नाही. स्कोअरशीटवर चढाया आणि गुण असतात, पण बाहेर बसलेली मिनिटं सहसा नसतात. ती बाकावरच्या एखाद्या राखीव खेळाडूने टिपावी लागतात: बाद झाल्याची वेळ, परत आत गेल्याची वेळ, बस.

७५ किलोच्या चढाईपटूचा एक सामना पाहा. २० मिनिटांचे दोन डाव, मध्ये ५ मिनिटांची विश्रांती. तो पाच वेळा बाद झाला आणि अनुक्रमे १, ४, १, ६ आणि २ मिनिटं बाहेर बसला. एकूण १४ मिनिटं. सरळ वजा केली तर मॅटवर २६ मिनिटं उरतात. पण आपल्या तीन मिनिटांच्या नियमाने १, १ आणि २ मिनिटांच्या खेपा खेळातच धरायच्या, कारण झटापटीतून बाहेर आलेला माणूस तेवढा वेळ धापाच टाकत असतो. म्हणजे खेळ ३० मिनिटं, बसणं १० अधिक मध्यंतराची ५, अशी १५ मिनिटं.

३० मिनिटांना ६ मेटने २२५, ८.३ ने ३११. बसण्याचे २४. एकूण २५० ते ३३५, आणि हा चढाईपटू असल्याने वरच्या बाजूला, सव्वातीनशेच्या आसपास धरू. मार्शल आर्ट्सची ओळ घेऊन ४५ मिनिटं भरली असती तर ५७९ आले असते.

वॉर्मअप यात धरलेला नाही. कबड्डीचा संघ सामन्याआधी वीस मिनिटं पळतो, ताणतो, पकडींचा सराव करतो. ४० मिनिटांच्या सामन्याच्या मानाने हा मोठा वाटा आहे. तो सामन्यात न मिसळता वेगळ्या ओळीत लिहा, कारण त्यात बाद होऊन बसणं नसतं.

मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहताना

हृदयाचे ठोके मोजणारं घड्याळ हा सगळा हिशेब आपोआप करेल असं वाटतं आणि बॅडमिंटन एकेरीत ते बऱ्यापैकी जमतंही. बाकी दोन्हीकडे ते फसतं, बहुतेकदा वरच्या बाजूला. पकड घट्ट आवळून धरली की स्नायू जागच्या जागी ताणलेले राहतात आणि ठोके वाढतात, पण ऑक्सिजनचा वापर त्या प्रमाणात वाढत नाही. पाच धावा हव्या असताना शेवटचं षटक खेळणाऱ्या बॅट्समनचे ठोके दीडशेला पोचले तर त्यात पळण्याइतकाच ताणाचा आणि उन्हाचा हात असतो. घड्याळ हे वेगळं करू शकत नाही. शिवाय बॅट किंवा रॅकेट घट्ट धरली, मनगट वळलं, की हिरव्या दिव्याचा सेन्सर ठोके चुकवतो. कबड्डीत तर घड्याळ घालून उतरूच नये, समोरच्याला इजा होते.

घड्याळात हिशेब जास्त आलाय की नाही हे ओळखायला मॅचमधलं बसण्याचं पान उघडून बघा. पॅड बांधून वाट पाहत असलेल्या तासाला घड्याळाने मिनिटाला चार-पाच कॅलरी दाखवल्या असतील, तर ते ताणाचे ठोके मोजतंय. ७० किलोच्या माणसाला बसून मिनिटाला दीड कॅलरी पुरते.

दिवसाच्या हिशेबात घालण्याआधी

आतापर्यंतचे सगळे आकडे एकूण खर्चाचे आहेत. मेटमध्ये तो पहिला एक, म्हणजे जिवंत राहण्याचा खर्च, धरलेलाच असतो. तुम्ही सामना न खेळता घरी पडून राहिला असता तरी तो झालाच असता. दिवसाच्या ठरलेल्या खर्चात सामन्याची भर घालायची असेल तर प्रत्येक मेटमधून १ वजा करा. आपल्या क्रिकेटपटूच्या ६२० मधून २०० मिनिटांचे २३३ गेले की ३८७ उरतात. बसण्याच्या ८३ मिनिटांतून मग फक्त २९ कॅलरी मिळतात, आणि लांबलेला सामना म्हणजे जास्त खर्च हा समज तिथेच संपतो. कबड्डीच्या ३२५ मधून ४५ मिनिटांचे ५६ गेले की २६९ उरतात. एकूण आकड्यांत क्रिकेट कबड्डीच्या जवळपास दुप्पट दिसत होतं. निव्वळ भर पाहिली तर चाळीस मिनिटांची कबड्डी तीन तासांच्या क्रिकेटच्या बरीच जवळ येते.

शेवटची एक मर्यादा अशी की एक मेटची ३.५ मिलिलिटरची व्याख्या सगळ्यांना सारखी बसत नाही. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ७६९ प्रौढांचा विश्रांतीतला वापर मोजला, तेव्हा सरासरी २.६ च आली. शरीरात चरबीचं प्रमाण जास्त असेल तर आणखी कमी, कारण चरबी वजनात मोजली जाते पण स्नायूंइतकी ऊर्जा वापरत नाही. त्यामुळे १०० किलोच्या, पोट सुटलेल्या खेळाडूने सूत्रातून आलेला आकडा दहा-पंधरा टक्क्यांनी कमीच धरावा. कंपेंडियम मुळात वेगवेगळ्या पाहण्यांतल्या नोंदी एकाच मापात आणण्यासाठी तयार झालं, एकेका माणसाचं बिल काढण्यासाठी नाही. तुमचा या आठवड्याचा सामना गेल्या आठवड्याच्या सामन्याशी ताडायचा असेल तर ते नीट कामाला येतं, दोन्ही वेळी तुकडे एकाच नियमाने पाडले असतील तर.